खोट्या नावांमधून दिसणारा विवाल्दी

१७३७ साली पॅरिसमध्ये सहा सोनाटांचं एक पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून अंतोनियो विवाल्दी या व्हेनिसच्या संगीतकाराचं नाव होतं, आणि 'इल पास्तोर फीदो' या संग्रहाला त्याच्या रचनांच्या मालिकेतला तेरावा क्रमांकही दिला होता. पुढची अडीचशे वर्षं हे पुस्तक विवाल्दीचंच म्हणून वाजवलं गेलं. प्रत्यक्षात ते निकोला शेदव्हील नावाच्या फ्रेंच वादकाचं होतं. शेदव्हील म्यूझेट वाजवायचा. म्यूझेट म्हणजे कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचं, मशकबाजाच्या जातीचं वाद्य. धनगरांचं वाद्य अशी त्याची ओळख होती आणि त्याला प्रतिष्ठा मिळावी अशी शेदव्हीलची इच्छा होती. त्यानं मार्शां नावाच्या प्रकाशकाशी गुपचूप ठरवून आपल्या रचना विवाल्दीच्या नावानं छापल्या. पुढे १७४९ मध्ये मार्शांनं नोटरीसमोर खरं काय ते लिहून दिलं. तो कागद दप्तरात पडून राहिला आणि १९९० मध्ये फिलिप लेस्का या अभ्यासकानं तो उजेडात आणला.

एखाद्या संगीतकाराची कीर्ती कधी वाढली, कधी ओसरली आणि कधी परत आली, याचा शोध घ्यायला इतिहासकार सहसा समीक्षा, पत्रं आणि कार्यक्रमपत्रिका चाळतात. विवाल्दीच्या बाबतीत मला त्याहून भरवशाचा पुरावा वाटतो तो चुकीच्या आणि खोट्या नावांचा. माणूस पत्रात शिष्टाचार म्हणून स्तुती करतो, टीका करतो तेव्हा मनात राग असू शकतो. पण दुसऱ्याचं नाव आपल्या मालावर लावताना तो बाजार नीट पाहूनच लावतो. खोटं नाणं पाडणारा चलनात असलेल्या नाण्याचीच नक्कल करतो, तसंच हे आहे. १७३७ मध्ये पॅरिसच्या बाजारात विवाल्दीचं नाव चालत होतं, एवढं शेदव्हीलच्या पुस्तकावरून ठामपणे म्हणता येतं. त्यानंतर हे नाव कुठे चाललं, कुठे चालेनासं झालं, आणि पुन्हा चालायला लागण्यासाठी काय काय जुळून यावं लागलं, ते क्रमानं पाहू.

विवाल्दीचा जन्म व्हेनिसमध्ये ४ मार्च १६७८ चा. १७०३ मध्ये त्यानं धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी 'ओस्पेदाले देल्ला पिएता' या संस्थेत व्हायोलिनचा शिक्षक म्हणून तो रुजू झाला. टाकून दिलेल्या मुलांना ही संस्था सांभाळत असे आणि तिथल्या मुलींचा वाद्यवृंद ऐकायला युरोपभरचे प्रवासी येत. पण तेवढ्यानं फार तर व्हेनिसला आलेल्यांनाच विवाल्दी कळला असता. आल्प्सपलीकडे त्याचं नाव गेलं ते अ‍ॅम्स्टरडॅममधल्या छपाईमुळे. १७११ मध्ये तिथल्या एस्तिएन रोजे या प्रकाशकानं त्याच्या बारा कॉन्चेर्तोंचा 'लेस्त्रो आर्मोनिको' हा संग्रह काढला.

रोजेच्या छपाईत वेगळं काय होतं, हे इथं थांबून पाहायला हवं. व्हेनिसचे छापखाने अजून सुटे खिळे जुळवून स्वरलेखन छापत होते. द्रुत लयीतल्या, एकमेकांना जोडून लिहायच्या सोळांश स्वरांच्या माळा त्या पद्धतीत तुकड्या-तुकड्यांत छापल्या जात आणि वाचायला त्रास होई. विवाल्दीचं संगीत तर अशा माळांनीच भरलेलं. रोजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापायचा. हातानं लिहिल्यासारखी सुबक पानं निघत. शिवाय कोरलेला पत्रा जपून ठेवता येई आणि मागणी आली की तेवढ्याच प्रती काढता येत. त्यामुळे हा संग्रह वर्षानुवर्षं विकला जात राहिला आणि लंडन-पॅरिसच्या प्रकाशकांनीही त्याच्या आवृत्त्या काढल्या. मात्र तो छापला होता आठ वेगवेगळ्या वह्यांमध्ये. चार व्हायोलिन, दोन व्हियोला, एक चेलो आणि एक खालच्या स्वरांचा आधार, अशी ज्याची त्याची वही. वाजवणाऱ्यांना हीच सोय हवी होती. पण सगळे आवाज एका पानावर एकाखाली एक दाखवणारी पूर्ण संहिता त्यात नव्हती. वाजवणारे होते तोवर याची कुणाला अडचण झाली नाही. पुढे झाली.

जर्मनीत वाइमारच्या दरबारी असलेल्या योहान सेबास्टियन बाखच्या हातीही हे संगीत पडलं. १७१३-१४ च्या सुमारास त्यानं यातल्या काही कॉन्चेर्तोंची ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी रूपांतरं केली. 'लेस्त्रो आर्मोनिको'मधल्या बारापैकी सहा कॉन्चेर्तो कधी ना कधी बाखच्या हाताखालून गेले. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. विवाल्दी प्रसिद्ध होता आणि बाख होता एका लहान दरबाराचा ऑर्गनवादक.

१७२५ मध्ये आठव्या क्रमांकाचा संग्रह आला. त्यातले पहिले चार कॉन्चेर्तो म्हणजे 'चार ऋतू'. फ्रेंचांना त्यातल्या 'वसंता'नं वेड लावलं. १७३० मध्ये पंधराव्या लुईनं तो अचानक वाजवायला सांगितला, तेव्हा वाद्यवृंदात माणसं कमी पडतील म्हणून दरबारातले सरदार स्वतः वाद्यं घेऊन बसले. १७६५ मध्ये मिशेल कोरेत यानं त्याच कॉन्चेर्तोवर एक स्तोत्र बेतलं. १७७५ मध्ये तत्त्वज्ञ रूसोनं एकट्या बासरीसाठी त्याचं रूपांतर केलं. म्हणजे विवाल्दी मृत्यूनंतर एका रात्रीत विस्मरणात गेला, हे नेहमी सांगितलं जाणारं वाक्य बरोबर नाही. तो ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी ओसरला, आणि सर्वांत आधी ओसरला तो त्याच्या स्वतःच्या गावात.

त्यामागची एक गोष्ट त्यानं स्वतःच घडवली होती. १७३३ मध्ये एडवर्ड होल्ड्सवर्थ नावाचा इंग्रज प्रवासी त्याला व्हेनिसमध्ये भेटला आणि झालेलं बोलणं त्यानं लंडनच्या मित्राला पत्रानं कळवलं. विवाल्दीचं म्हणणं असं की यापुढे कॉन्चेर्तो छापायचे नाहीत. छापील प्रती मिळू लागल्या की हस्तलिखितं विकली जात नाहीत, आणि हस्तलिखितात पैसा जास्त. एका रचनेला तो एक गिनी मागत होता. धंद्याच्या दृष्टीनं हा हिशेब चुकीचा नव्हता, कारण धनिक प्रवासी व्हेनिसला येत आणि आठवण म्हणून खास लिहून घेतलेलं संगीत घेऊन जात. पण त्याचा परिणाम असा झाला की त्याच्या जवळपास पाचशे कॉन्चेर्तोंपैकी छापून बाहेर गेले ते फक्त ऐंशी-पंच्याऐंशी. उरलेले त्याच्या घरातल्या कपाटात, किंवा ज्या कुणी विकत घेतले त्याच्या कपाटात. ऑपेरा आणि धर्मसंगीत तर जवळजवळ संपूर्णपणे हस्तलिखितातच राहिलं. आपल्याकडे बंदिश गुरूकडून शिष्याच्या गळ्यात जाते आणि कागद हरवला तरी टिकते. तिथं कागद हाच गळा होता.

१७३९ मध्ये शार्ल द ब्रोस हा फ्रेंच प्रवासी व्हेनिसला आला आणि इथं विवाल्दीला पूर्वीसारखा मान नाही, हे पाहून चकित झाला. सगळा फॅशनचा खेळ आहे, फार दिवस ऐकलेला माणूस इथं नकोसा होतो, असं त्यानं लिहून ठेवलं. ऑपेरात आता नेपल्सच्या संगीतकारांची चलती होती. विवाल्दीनं नशीब काढायला व्हिएन्ना गाठलं. पण ज्याच्या आश्रयाची आशा होती तो सम्राट सहावा चार्ल्स ऑक्टोबर १७४० मध्ये वारला. २८ जुलै १७४१ रोजी विवाल्दी तिथंच गेला आणि त्याच दिवशी त्याचं साध्या पद्धतीनं दफन झालं. एके काळी पन्नास हजार ड्युकॅट मिळवणारा माणूस उधळपट्टीमुळे कफल्लक होऊन मेला, अशी नोंद व्हेनिसमध्ये कुणीतरी केली.

या ओहोटीचा सर्वांत स्पष्ट पुरावा पुन्हा एका खोट्या नावातच आहे. १७५० च्या दशकात व्हेनिसमध्ये इझेप्पो बाल्दान नावाचा नकलनवीस होता. संगीताच्या प्रती करून विकणं हा त्याचा धंदा. ड्रेस्डेनच्या कॅथलिक दरबाराला व्हेनिसचं नवं धर्मसंगीत हवं होतं आणि बाल्दाननं त्यांना भराभर प्रती पाठवल्या. त्यातल्या काही रचना विवाल्दीच्या होत्या. त्यांवर बाल्दाननं नाव घातलं बाल्दास्सारे गालुप्पीचं. गालुप्पी तेव्हा जोरात होता. शेदव्हीलनं आपलं संगीत विवाल्दीच्या नावावर खपवल्याला वीसेक वर्षंच झाली होती, आणि आता विवाल्दीचं संगीत खपवायला दुसऱ्याचं नाव लागत होतं. पॅरिस आणि व्हेनिसची बाजारपेठ वेगळी, हे लक्षात घेतलं तरी या दोन खोट्या नावांमध्ये उतरण किती होती ते दिसतं.

एकोणिसाव्या शतकात विवाल्दीचं नाव जिवंत ठेवलं ते बाखनं. स्वतः बाखही मृत्यूनंतर मागे पडला होता. १८०२ मध्ये योहान फोर्केलनं त्याचं पहिलं चरित्र लिहिलं आणि त्यात सांगितलं की विवाल्दीचे कॉन्चेर्तो उतरवताना बाख संगीतात विचार करायला शिकला. पुढे १८२९ मध्ये मेंडेल्सोननं बर्लिनमध्ये 'सेंट मॅथ्यू पॅशन' सादर केल्यावर बाखची लाट आली आणि त्याचा एकेक कागद शोधून छापायला सुरुवात झाली. त्या कागदांना चिकटून विवाल्दी परत आला. मात्र परत आला तो कसा, हे पाहण्यासाठी एकाच रचनेचा प्रवास जवळून पाहू.

'लेस्त्रो आर्मोनिको'मधला अकरावा कॉन्चेर्तो, डी मायनरमधला. दोन व्हायोलिन आणि एक चेलो यांच्यासाठी. सुरुवातीलाच दोन व्हायोलिन एकमेकांच्या पाठोपाठ धावत सुटतात, मग चेलो त्यांच्यात येतो आणि थोड्या वेळानं सगळा वृंद एका काटेकोर फ्यूगमध्ये शिरतो. बाखनं वाइमारमध्ये हा ऑर्गनसाठी उतरवला. ते हस्तलिखित त्याच्या थोरल्या मुलाकडे, विल्हेल्म फ्रीडमनकडे गेलं. फ्रीडमन प्रतिभावान होता, पण उतारवयात हलाखीत होता. त्यानं त्या हस्तलिखितावर लिहून टाकलं की ही रचना माझी आहे, फक्त अक्षर वडिलांचं. १८४४ मध्ये लाइप्झिगच्या पेटर्स प्रकाशनानं ती विल्हेल्म फ्रीडमन बाखची म्हणून छापली. ती गाजली, पियानोसाठीही तिची रूपांतरं झाली. मुलाची सर्वोत्तम रचना म्हणून जाणकारांनी तिची तारीफ केली. ती मुलाची नाही, वडिलांचीही मूळ रचना नाही, विवाल्दीची आहे, हे माक्स श्नायडर या अभ्यासकानं दाखवून दिलं १९११ च्या सुमारास. म्हणजे सदुसष्ट वर्षं युरोप विवाल्दी ऐकत होता आणि वाखाणत होता. फक्त तो विवाल्दी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

ही चूक इतकी वर्षं टिकली कशी? अ‍ॅम्स्टरडॅमच्या वह्या ग्रंथालयांत होत्या. ताडून पाहणं अशक्य नव्हतं. पण इथं त्या आठ सुट्या वह्यांची अडचण आडवी आली. तुलना करायची तर आधी आठही वह्या एका ठिकाणी मिळवायच्या, मग हातानं पूर्ण संहिता जुळवायची, आणि मग ती बाखच्या पानाशेजारी ठेवायची. हे कष्ट घ्यायला विवाल्दीत काही सापडेल अशी आधी शंका तरी यायला हवी. ती कुणाला येत नव्हती.

उलट दिशेची चूकही त्याच काळात झाली. १८५१ मध्ये पेटर्सनं बाखची हार्पसिकॉर्डसाठीची सोळा रूपांतरं 'विवाल्दीवरून सोळा कॉन्चेर्तो' अशा नावानं छापली. त्यातले विवाल्दीचे सहाच आहेत. बाकीच्यांत मार्चेल्लो बंधू, टेलेमान, वाइमारचा तरुण राजपुत्र योहान अर्न्स्ट अशांच्या रचना. 'बाखनं सुधारलेला कुणी इटालियन' एवढाच विवाल्दी या नावाचा अर्थ उरला होता. त्यामुळे समीक्षकही एका ठरावीक चष्म्यातून पाहत. मूळ रचना म्हणजे सांगाडा, बाखनं त्यावर मांस चढवलं, असा सूर १८६०-७० च्या दशकांतल्या जर्मन लेखनात दिसतो. विवाल्दीनं मोकळी ठेवलेली जागा बाखनं भरली की ती सुधारणा, हे आधीच ठरलेलं होतं. व्हायोलिनच्या तारेवर जो स्वर नुसता ताणला तरी जिवंत राहतो, तो हार्पसिकॉर्डवर क्षणात विरतो, म्हणून बाखला तिथं जास्त स्वर घालावेच लागले, हे साधं कारण फारसं कुणी ध्यानात घेतलं नाही. १९०५ मध्ये आर्नोल्ड शेरिंगनं वाद्यसंगीतातल्या कॉन्चेर्तोचा इतिहास लिहिला, तेव्हा मूळ संहिता जुळवून त्यानं सांगितलं की हा प्रकारच मुळात विवाल्दीनं घडवला. वृंदानं वाजवायचा मुखडा आणि त्यामध्ये एकल वादकाचे प्रवास, ही जी चौकट बाखनं आयुष्यभर वापरली, ती इथून आलेली.

अभ्यासकांमध्ये पारडं असं फिरलं, पण श्रोत्यांमध्ये नाही. त्याच सुमारास फ्रिट्झ क्राइसलर हा थोर व्हायोलिनवादक आपल्या मैफलीत विवाल्दीचा सी मेजर कॉन्चेर्तो वाजवू लागला होता. जुन्या मठात सापडलेल्या हस्तलिखितांतून आपण असल्या रचना मिळवल्या, असं तो सांगे. १९३५ मध्ये त्यानं कबूल केलं की हा कॉन्चेर्तो, आणि अशा इतर कित्येक रचना, त्यानं स्वतः लिहिल्या. काही समीक्षक फार संतापले. या प्रकरणातून मला दिसतं ते असं, की विवाल्दीचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर शोभेइतपत पुन्हा वजनदार झालं होतं, पण त्याचं संगीत इतकं अपरिचित होतं की तीस वर्षं कुणी ठामपणे आक्षेप घेऊ शकलं नाही. नाव चालत होतं, माल कुणी पाहिलेला नव्हता.

आणि नेमका तो माल त्याआधीच सापडला होता. १९२६ च्या शरदात इटलीतल्या पिमोंते प्रांतातल्या बोर्गो सान मार्तीनो गावच्या सालेशियन पंथाच्या शाळेला पैशांची गरज पडली. शाळेला देणगीत मिळालेली जुन्या संगीताची हस्तलिखितं विकावी असं ठरलं आणि किंमत काढण्यासाठी त्यांनी तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक लुईजी तोर्री यांना विचारलं. तोर्रींनी ते काम तुरिन विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवणाऱ्या आल्बेर्तो जेंतीली यांच्याकडे दिलं. शाळेतून आलेल्या ९७ बाडांमध्ये १४ बाडं विवाल्दीची निघाली, बहुतेक त्याच्याच हातची. बाहेर कुणी कधी न पाहिलेले कॉन्चेर्तो, ऑपेरा, स्तोत्रं. ग्रंथालयाकडे पैसे नव्हते, आणि बातमी फुटली तर संग्रह दुसरीकडे जाण्याची भीती होती. जेंतीलींनी रोबेर्तो फोआ या शेअरदलालाला गाठलं. फोआ यांचा मावरो नावाचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी सगळा संग्रह विकत घेऊन १९२७ मध्ये ग्रंथालयाला दिला.

जेंतीलींचं खरं कसब यापुढचं. बाडं लावताना त्यांच्या ध्यानात आलं की जुने क्रमांक सलग नाहीत. मधले मधले आकडे गायब आहेत. म्हणजे हा पूर्ण संग्रह नसून वाटणीतला एक हिस्सा असला पाहिजे. देणगीदार होते जेनोवाच्या दुराझ्झो या सरदार घराण्यातले. त्या घराण्यातला जाकोमो दुराझ्झो अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये ऑस्ट्रियाचा राजदूत होता. विवाल्दीची कपाटातली हस्तलिखितं त्याच्या मृत्यूनंतर सोरान्झो नावाच्या ग्रंथसंग्राहकाकडे, तिथून आबे कानोनिचीकडे आणि मग या राजदूताकडे आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती दोन भावांत वाटली गेली. दुसऱ्या भावाचा वारस जेनोवात होता. वृद्ध, एकलकोंडा, आणि घरचा ठेवा कुणाला दाखवायलाही नाखूष. त्याचं मन त्याच्या ओळखीच्या धर्मगुरूकरवी वळवावं लागलं, आणि त्याला तीनेक वर्षं गेली. या वेळी पैसे दिले फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदारानं. त्याचाही रेन्झो नावाचा मुलगा लहानपणीच वारला होता. १९३० मध्ये दोन्ही हिस्से एकत्र आले आणि ते आजही 'मावरो फोआ' आणि 'रेन्झो जोर्दानो' या दोन मुलांच्या नावांनी ग्रंथालयात आहेत. विवाल्दीची एकूण २७ बाडं, त्यात साडेचारशेच्या आसपास रचना. १७३३ मध्ये न छापायचं ठरवून कपाटात ठेवलेलं संगीत बहुतांश हेच.

सापडणं म्हणजे परत येणं नव्हे. वारसानं घातलेल्या अटींमुळे छापण्यावर आणि वाजवण्यावर बंधनं होती, त्यांतून वाट काढावी लागली. १९३८ मध्ये फॅसिस्ट सरकारनं वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू असल्यामुळे जेंतीलींना विद्यापीठातून काढून टाकण्यात आलं. पुढच्याच वर्षी, महायुद्ध सुरू झालेलं असताना, सप्टेंबर १९३९ मध्ये सिएना गावी 'विवाल्दी सप्ताह' झाला. आल्फ्रेदो कासेल्ला यांनी तो रचला, व्हायोलिनवादक ओल्गा रज यांनी तुरिनमध्ये बसून केलेली यादी त्यासाठी कामी आली. आज जगभरचे गायकवृंद गातात ती 'ग्लोरिया' आधुनिक काळात तिथं पहिल्यांदा ऐकली गेली, तीही कासेल्लांनी आपल्या आवडीप्रमाणे फेरफार केलेली. त्या सरकारला इटलीच्या वैभवाचं प्रदर्शन हवं होतं, हे खरंच. ज्यांनी हा ठेवा वाचवला त्यांना बाजूला सारून तो उत्सव झाला, ही त्या पुनरागमनावरची काळी रेघ आहे आणि ती पुसून सांगू नये.

युद्धानंतर दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १९४७ मध्ये आन्तोनियो फान्ना यांनी विवाल्दी संस्था स्थापन केली आणि संगीतकार मालिपिएरो यांच्या देखरेखीखाली मिलानच्या रिकोर्दी प्रकाशनानं वाद्यसंगीत छापायला घेतलं. १९७२ पर्यंत ५३० पुस्तिका निघाल्या. त्यांत घाई आहे, वेगवेगळ्या हस्तलिखितांची तुलना फारशी नाही. पण पहिल्यांदाच कुठल्याही गावच्या वृंदाला पूर्ण संहिता पोस्टानं मागवता येऊ लागली. त्याच १९४७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुई कॉफमन यांनी रात्री जागून 'चार ऋतू' ध्वनिमुद्रित केले, कारण १ जानेवारीपासून वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटं मावत. नव्या तबकडीवर चाळीस मिनिटांचे चारही ऋतू दोन बाजूंत बसले. डझनभर तंतुवादकांचं काम, त्यामुळे खर्चही थोडा. रोमच्या 'इ मुझिची' या बारा जणांच्या वृंदानं १९५५ पासून ते घरोघरी पोचवले.

तबकडीनं एक अन्यायही केला. सहा-सहा कॉन्चेर्तो ओळीनं ऐकले की सगळे सारखे वाटतात, आणि विवाल्दीनं एकच कॉन्चेर्तो शेकडो वेळा लिहिला हा टोमणा स्ट्राविन्स्कीपासून सगळ्यांच्या तोंडी आला. हे कॉन्चेर्तो ओळीनं ऐकण्यासाठी लिहिलेलेच नव्हते. पिएतामध्ये प्रार्थनेच्या वेळी एखादाच वाजे.

मधल्या काळात क्रमांकांचा गोंधळ झाला होता. एकच 'वसंत' कुणी पिंशेर्ल या अभ्यासकाच्या यादीतला २४१, तर कुणी फान्नाच्या यादीतला पहिल्या विभागातला २२ म्हणून ओळखे. १९७४ मध्ये डेन्मार्कच्या पीटर रीओम यांनी सगळी हस्तलिखितं आणि छापील प्रती तपासून एकच सूची केली, आणि 'वसंत' कायमचा आर.व्ही. २६९ झाला. हे कोरडं काम वाटेल. पण खोटी नावं पकडता येतात ती अशा सूचीमुळेच. कुठली चाल कुठल्या रचनेत, कुठल्या कागदावर, कुणाच्या अक्षरात आहे, हे तिच्यावरून शोधता येतं.

बाल्दान पकडला गेला तो असाच. २००५ मध्ये मेलबर्नच्या जॅनिस स्टॉकिट ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात गालुप्पीच्या नावाची धर्मसंगीताची हस्तलिखितं तपासत होत्या. त्यातल्या एका 'दिक्सित दोमिनुस'मधले तुकडे त्यांना विवाल्दीसारखे वाटले. विवाल्दी आपल्याच चाली पुन्हा पुन्हा वापरायचा. मायकेल टॅल्बट यांनी त्या चाली विवाल्दीच्या ओळखीच्या रचनांशी ताडून पाहिल्या आणि निर्वाळा दिला. पाच एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची ही रचना सुमारे तेवीस मिनिटांची आहे. आर.व्ही. ८०७ हा तिचा क्रमांक. अडीचशे वर्षांनी ती स्वतःच्या नावानं ड्रेस्डेनमध्ये गायली गेली.

ऑपेरांचा हिशेब मात्र अजून लागायचा आहे. १७३९ च्या एका पत्रात विवाल्दीनं स्वतः ९४ ऑपेरा रचल्याचं म्हटलं आहे. त्यातली अतिशयोक्ती वगळली तरी पन्नासेक ऑपेरांची छापील पदं उपलब्ध आहेत आणि संगीत उरलं आहे ते वीसेकांचंच, तेही काहींचं अर्धवट. व्हेनिसच्या लोकांना तो मुख्यतः नाटकघरातला माणूस म्हणून माहीत होता. १९७८ मध्ये 'ओर्लांदो फुरिओसो' वेरोनाच्या रंगमंचावर आला, १९९९ मध्ये चेचिलिया बार्तोली यांनी त्याच्या ऑपेरांमधल्या पदांची तबकडी काढली, २००२ मध्ये बर्लिनच्या एका संग्रहात 'मोतेझूमा'चा हरवलेला मोठा भाग सापडला. तुरिनच्या बाडांतल्या ऑपेरा आता एकेक करून ध्वनिमुद्रित होत आहेत, आणि 'चार ऋतू' पाठ असलेल्या श्रोत्यांना हा नाटकवाला विवाल्दी नव्यानं ऐकावा लागतो आहे.